कॅशबुकच्या फोटोवरून बँक जुळवणी करताय? या चुका टाळा

एप्रिल उजाडला की आमच्या ऑफिसच्या व्हॉट्सअ‍ॅपवर वह्यांच्या फोटोंचा पाऊस पडतो. कुणी कॅशबुकचं पान पाठवतं, कुणी पासबुकचं. त्यावर अंगठ्याची सावली, कोपरा कापलेला, आणि खाली एक ओळ: ‘सर, बँक जुळवून द्या.’ गेल्या वर्षी एका हार्डवेअरच्या दुकानाची ३१ मार्च २०२५ ची जुळवणी अशीच आली. कॅशबुकात बँकेची शिल्लक ८४,३५० रुपये, पासबुकात ९०,६३५. फरक ६,२८५ रुपयांचा. नेहमी होणाऱ्या बहुतेक चुका या एकाच प्रकरणात सापडल्या, म्हणून तेच सविस्तर सांगतो.

पहिली चूक म्हणजे फोटो आला की लगेच टिका मारायला बसणं. फोटोतलं आपण बरोबर वाचलंय का, हे आधी ठरवायला हवं. आमच्या नव्या मुलाने कॅशबुकचं पान एक्सेलमध्ये उतरवलं, तर शिल्लक आली ७६,३५०. वहीत ८४,३५० लिहिलेले. तो म्हणाला, “सर, शेठनी बेरीज चुकवलीय.” मी म्हटलं, “शेठ बेरजेला चुकत नाहीत, तू नीट बघ.” फरक बरोबर ८,०००. दुकानातले दिवाणजी अंक देवनागरीत लिहितात आणि त्यांचा घाईतला १ इंग्रजी नऊसारखा दिसतो. खर्चाच्या बाजूला १,२५० होते, याने ९,२५० वाचले. फरक आठ आणि पुढे नुसती शून्यं असा आला, की मी आधी हे एक-नऊचं भांडण शोधतो. देवनागरी ५ आणि इंग्रजी चार यांचंही तसंच. हा खरा फरक नव्हेच, तो आपल्या डोळ्यांचा फरक. तो जुळवणी पत्रकात घुसला, तर तिथे त्याला कुठलंच घर नसतं आणि मग माणूस ‘किरकोळ फरक’ नावाची ओळ घालून मोकळा होतो.

पासबुकाच्या फोटोला तपासायची सोय पासबुकातच असते. प्रत्येक ओळीला शिल्लक छापलेली असते. एक्सेलमध्ये B रकान्यात नावे, C मध्ये जमा आणि D मध्ये शिल्लक भरा. मग तिसऱ्या ओळीपासून हे सूत्र खाली ओढा:

```
=D2-B3+C3-D3
```

सगळीकडे शून्य यायला हवं. आमच्याकडे एका जागी १७७ आले. पानाच्या घडीत एक ओळ दडली होती आणि फोटोत ती दिसतच नव्हती. शेठना पान सपाट ठेवून पुन्हा फोटो काढायला लावला, तेव्हा बँकेचं शुल्क सापडलं: १५० रुपये आणि त्यावर १८ टक्के जीएसटीचे २७. आणखी एक सांगून ठेवतो. पासबुक बरेच महिने भरून घेतलं नसेल, तर काही बँका जुन्या नोंदी एकत्र करून एकाच ओळीत छापतात. तशी ओळ दिसली तर फोटोवर अडून राहू नका, बँकेतून खातेउतारा मागवा.

आता बाजूंचा घोळ. कॉलेजात शिकवलेलं असतं की रोख पुस्तकातल्या नावे बाजूची नोंद पासबुकात जमा बाजूला दिसते. पाठ्यपुस्तकापुरतं ते खरंच आहे. पण आपल्याकडच्या जुन्या कीर्दीच्या पद्धतीत डावी बाजू जमेची, म्हणजे आलेल्या पैशांची, आणि उजवी नावेची. या दुकानाची वही तशीच होती. तिथे वहीतली जमा पासबुकातल्या जमेलाच जुळते. आमच्या मुलाने पाठ केलेला नियम लावला आणि अर्ध्या नोंदी उलट्या बाजूला शोधत बसला. मी त्याला सांगितलं, मथळे विसर, पैसे खात्यात आले की गेले एवढंच विचार. ओव्हरड्राफ्टलाही हेच औषध. त्यासाठी अधिक-उणेचा वेगळा तक्ता पाठ करायची गरज नाही. शिल्लक वजा चिन्ह लावून लिहा आणि नेहमीसारखं पुढे जा.

टिका मारून झाल्यावर उरलेल्या नोंदी समोर येतात, आणि सगळ्यात महागडी चूक इथेच होते. सगळे फरक एका माळेत ओवून, ‘अधिक’ आणि ‘उणे’ करत पासबुकाच्या आकड्यापर्यंत पोचायचं. आकडा जुळतो, कागद छान दिसतो, पण वही चुकीचीच राहते. फरक कागदावर लिहिण्याआधी एकच विचारायचं: हा आपल्या वहीत नोंदवायचा राहिलाय, की नुसता वेळेचा आहे? वहीतला असेल तर ३१ मार्चच्याच तारखेने वहीत नोंद करायची. वेळेचा असेल तरच तो जुळवणी पत्रकात जातो.

शुल्काच्या १७७ रुपयांची नोंद वहीत राहिली होती. १५० रुपये बँक शुल्क खात्याला नावे. दुकान जीएसटीत नोंदलेलं असल्याने २७ रुपये वेगळे इनपुट क्रेडिटला, पण बँकेने आपला जीएसटी क्रमांक धरून ते दाखवलेत का, हे जीएसटीआर-२बी मध्ये पाहूनच. सरसकट १७७ खर्चात टाकणारे बरेच असतात. रक्कम लहान, पण बारा महिने आणि तीन खाती धरली की ती लहान राहत नाही.

पासबुकात २४ मार्चला ६,४०० रुपये जमा, तपशिलात यूपीआयचा क्रमांक आणि अर्धवट छापलेलं नाव. वहीत त्याचा पत्ता नाही. इथे मोह होतो तो ‘विक्री’ लिहून टाकायचा. शेठना फोन केला तर कळलं की हे एका मिस्त्रीकडचे जुन्या उधारीचे पैसे. विक्री तर जानेवारीतच नोंदलेली. पुन्हा विक्री धरली असती, तर उलाढाल फुगली असती आणि मिस्त्रीच्या नावावर उधारी तशीच राहिली असती. कुणाचे पैसे ते कळलंच नाही, तर उचंत खात्यात ठेवावेत, पण विक्रीत नाहीत.

परत आलेल्या चेककडे जरा जास्त लक्ष द्या. गिऱ्हाइकाचा ९,००० चा चेक १८ मार्चला भरला, पासबुकात जमाही दिसला, म्हणून दोन्हीकडे टीक पडली. दोन दिवसांनी, २० तारखेला, तोच चेक परत आल्याची नावे नोंद आणि खाली ११८ रुपये शुल्क. वरची जमा जुळली म्हणून खालची नावे नजरेतून सुटते. वहीत हे ९,००० गिऱ्हाइकाच्या खात्यावर परत नावे टाकायचे. शुल्क त्याच्याकडून वसूल करायचं ठरलं असेल तर तेही तिथेच, नाहीतर आपल्या खर्चात. हे फक्त हिशेबाचं काम नाही. परक्राम्य संलेख अधिनियमाच्या कलम १३८ खाली जायचं असेल, तर चेक परत आल्याचं बँकेकडून कळल्यापासून ३० दिवसांच्या आत लेखी नोटीस जावी लागते. ज्याची जुळवणी मे महिन्यात होते, त्याची ती मुदत बहुतेक वेळा उलटून गेलेली असते.

एका पुरवठादाराला दिलेला ५,४६० चा चेक दिवाणजींनी ५,६४० लिहिला होता. फरक १८०, नऊने पूर्ण भाग जातो. अंकांची अदलाबदल झाली की नेहमी असंच होतं. मात्र ही युक्ती एकट्या फरकावरच चालते. सुरुवातीच्या ६,२८५ ला नऊने भागून काहीच हाती लागलं नसतं, कारण त्यात सात-आठ गोष्टी मिसळल्या होत्या. वही दुरुस्त करताना पुरवठादाराचं खातंही १८० ने दुरुस्त करायला विसरू नका.

शेवटचा फरक फेब्रुवारीच्या पत्रकातून चालत आलेला. १२ डिसेंबर २०२४ चा २,५०० चा चेक, दिलेला पण वटवलेला नाही. दर महिन्याला ‘न वटलेले चेक’ म्हणून तो इमानेइतबारे पुढे सरकत होता. चेकची मुदत त्यावरच्या तारखेपासून तीन महिने. रिझर्व्ह बँकेचा हा नियम १ एप्रिल २०१२ पासून आहे. म्हणजे मार्चच्या मध्यालाच तो शिळा झाला. आता बँक तो वटवणार नाही, मग ‘वटेल’ म्हणून पत्रकात कशाला ठेवायचा? वहीत बँकेची शिल्लक २,५०० ने वाढवायची आणि तेवढेच पुरवठादाराच्या खात्याला जमा करायचे. उत्पन्नाला नाही, देणं अजून फिटलेलं नाही.

एवढ्या नोंदी घातल्यावर वहीतली ८४,३५० ची शिल्लक अशी सुधारली:

अधिक: यूपीआयची जमा ६,४००, अंकांची दुरुस्ती १८०, शिळा चेक २,५००
उणे: बँक शुल्क १७७, परत आलेला चेक ९,०००, त्याचं शुल्क ११८
सुधारित शिल्लक: ८४,१३५

पत्रकात मग दोनच ओळी उरल्या:

सुधारित कॅशबुक शिल्लक: ८४,१३५
अधिक: २७ मार्चला दिलेला, अजून न वटलेला चेक: १८,५००
उणे: २९ मार्चला भरलेला, अजून जमा न झालेला चेक: १२,०००
पासबुकाची शिल्लक: ९०,६३५

बँकेने आपल्या खात्यात दुसऱ्याची नोंद टाकली असती, तर तीही इथेच आली असती. ती वहीत घ्यायची नाही. बँकेला लेखी कळवायचं आणि दुरुस्ती होईपर्यंत पत्रकात ठेवायची.

हे दोन आकडे खरोखर वेळेचेच आहेत का, हे मार्चच्या पासबुकावरून कळत नाही. त्यासाठी एप्रिलच्या पहिल्या आठवड्याचं पान लागतं, आणि फोटो मागवताना नेमकं तेच मागायचं राहतं. २९ मार्च शनिवार होता. पाचवा शनिवार असल्याने बँक उघडी होती. ३० ला रविवार आणि गुढीपाडवा, ३१ ला ईद, १ एप्रिलला बँकांचं वार्षिक बंद. त्यामुळे १२,००० चा चेक २ एप्रिलला जमा झाला यात नवल काही नव्हतं. तो आठ तारखेपर्यंतही दिसला नसता, तर मी भरणा पावतीचा फोटो मागवला असता, कारण कॅशबुकात ‘भरला’ लिहिलेला चेक कधीकधी गल्ल्याखालच्या खणातच पडलेला असतो. १८,५०० चा चेकही ४ एप्रिलला वटला. एप्रिलच्या पानावर त्या दोन ओळींसमोर टीक मारली, तारखा पत्रकाच्या समासात लिहिल्या आणि शेठना कळवलं की दिवाणजींना कॅशबुक पुन्हा एकदा उघडायला सांगा, सहा नोंदी करायच्यात.