टोमॅटोचा करपा: पानाची खालची बाजू दाखवल्याशिवाय औषध विचारू नका

ढगाळ हवा, रिमझिम आणि गार रात्री सुरू झाल्या की टोमॅटोच्या पानांचे फोटो येऊ लागतात. बहुतेकांत पानाची फक्त वरची बाजू असते, तीही हललेल्या हाताने टिपलेली. तपकिरी डाग दिसतो. पण तो लवकर येणारा करपा, उशिरा येणारा करपा की जिवाणूजन्य ठिपके, यांपैकी कशाची शक्यता जास्त हा क्रम अशा फोटोवरून लागत नाही. अंदाजाने नाव सांगणाऱ्यापेक्षा "दिसत नाही" म्हणणारा सल्लागार बरा. उशिराचा करपा असेल तर अशा हवेत आठवडाभरात प्लॉट बसतो.

समजा एकच फोटो आला आहे: एक पान, दोन-तीन डाग, कडा धूसर. त्याला उत्तर असं द्यावं: "दादा, डागात एकात एक वर्तुळं आहेत का ते कळत नाही. वर्तुळं असती तर लवकरचा करपा वर धरला असता. कड पाणथळ हिरवट असती आणि खाली पांढरी बुरशी असती तर उशिराचा. एवढ्यावरून मी नाव सांगणार नाही. उद्या सकाळी दव असतानाच पान उलटं करून फोटो काढा."

पांढरी बुरशी डागाच्या कडेला, पानाच्या खाली, दव असेपर्यंतच नीट दिसते. ऊन चढलं की विरते. म्हणून दुपारचा फोटो स्वच्छ असला तरी उपयोगाचा नसतो. सकाळी जमत नसेल तर डागाचं पान ओल्या कागदासोबत पिशवीत रात्रभर ठेवा आणि सकाळी खालची बाजू टिपा.

एवढे फोटो हवेत:
- पानाची खालची बाजू, जवळून
- तेच पान वरून
- पूर्ण झाड. डाग खालच्या जुन्या पानांवर की शेंड्याकडे
- खोड आणि फळ
- लांबून प्लॉट

लेन्स पुसा, झूम करू नका, पान सावलीत धरून डागावर बोट टेकवून फोकस घ्या. व्हॉट्सॲपवर डॉक्युमेंट म्हणून पाठवा, नाहीतर बारकावे जातात.

उत्तर येईपर्यंत तुषार सिंचन बंद ठेवा. मॅन्कोझेब ७५ टक्के, १० लिटर पाण्यात २५ ग्रॅम, दोन्ही करप्यांना प्रतिबंधक म्हणून चालतं. तोडणी जवळ असेल तर लेबलवरचे थांबायचे दिवस आधी पाहा. जिवाणूजन्य ठिपक्यांवर मात्र त्याचा भरवसा धरू नका. धूसर फोटो पाहून दुकानदार तीन महागड्या औषधांचं मिश्रण देतो, ते घेऊ नका. माझा शेतातला अंदाज असा, की दव नऊनंतरही पानावर टिकत असेल तर उशिराच्या करप्याची शंका आधी घ्यावी. तरीही खालच्या बाजूचा फोटो लागतोच.