तळ्यातल्या पाण्याचा फोटो बघून लगेच ‘अमिबा’ म्हणू नका, या चुका टाळा

गेल्या पावसाळ्याच्या शेवटी देवगडहून भाचीचा मेसेज आला, “मामा, अमिबा गावलो!” आणि खाली फोटो. कातळावरच्या डबक्यातलं पाणी, शाळेतला मायक्रोस्कोप आणि आयपीसला मोबाईल लावून काढलेला फोटो. मधोमध एक वाकडातिकडा गोळा, कडेला दोन ठिकाणी फुगे आल्यासारखं, आत दाणेदार. पहिल्या नजरेत कोणालाही अमिबाच वाटेल, मलाही वाटला. पण तो अमिबा नव्हता, पॅरामिशियम होता, मरायला टेकलेला.

सगळ्यात मोठी चूक हीच. आपण पुस्तकातली चित्रं डोक्यात ठेवून बघतो, चपलेसारखा दिसला की पॅरामिशियम आणि बेढब दिसला की अमिबा. पण स्लाईडवरचं पाणी सुकायला लागलं की कव्हरस्लिप खाली बसते आणि पॅरामिशियम दाबला जातो, मग तो चपटा होतो, गोल होतो, कडेने फुगे येतात, त्याचा चपलेचा आकार जातो. म्हणून बाहेरच्या आकारावर थांबायचं नाही, कड आणि आतला भाग बघायचा.

मी तिला फोटो झूम करून कड बघायला सांगितलं. पॅरामिशियमच्या अंगावर सगळीकडे बारीक केस असतात, सिलिया म्हणतात त्यांना, फोकस नीट असेल तर कडेला पुसट झालर दिसते. अमिबाला अशी झालर नसते. उलट त्याचे पाय पुढे सरकतात तिथे कडेचा पट्टा काचेसारखा स्वच्छ असतो आणि दाणे त्याच्या आतच राहतात. तिच्या फोटोत एका बाजूला झालर होती, अगदी थोडी, पण होती.

मग आतली गोष्ट. जास्तीचं पाणी बाहेर टाकायला दोघांकडे आकुंचनशील रिक्तिका असते. अमिबात ती साधारण एकच, साधा गोल बुडबुडा. पॅरामिशियममध्ये बहुतेक दोन, एक पुढच्या टोकाकडे आणि एक मागच्या, आणि भरताना तिच्याभोवती नळ्या पसरतात त्यामुळे ती चांदणीसारखी दिसते. फोटोत एक चांदणी स्पष्ट होती. माझ्यासाठी निकाल तिथेच लागला.

तरी मोजमाप करून बघितलंच, कारण हे लोक सहसा करतच नाहीत. आयपीसवर 10X/18 असं लिहिलेलं असेल तर त्या 18 ला ऑब्जेक्टिव्हच्या आकड्याने भागायचं, 10 च्या ऑब्जेक्टिव्हला 1.8 मिलिमीटर, म्हणजे दिसणारा अख्खा गोल तेवढा रुंद. भाचीच्या स्क्रीनवर गोल 9 सेंटिमीटर आणि गोळा 7 मिलिमीटर, म्हणजे गोळा खरा साधारण 0.14 मिलिमीटर. पॅरामिशियम कॉडेटम साधारण 0.2 ते 0.3 लांब असतो, गोल झालेला असेल तर हे जुळतं. पण नुसत्या मापावरून ठरवू नका, छोटे अमिबाही असतात, माप फक्त बाकीच्या खुणांना आधार देतं. आणि हो, फोटो क्रॉप करून पाठवला की कडेचा गोल जातो आणि मोजायला काहीच उरत नाही, तेव्हा गोल ठेवूनच काढा.

दुसरी चूक रंगाची. हिरवं दिसलं की शेवाळ, असं नाही. पॅरामिशियम बुर्सेरिया नावाचा एक आहे, त्याच्या आत छोटी हिरवी शैवालं राहतात म्हणून तो हिरवा दिसतो, पण कडेला झालर असतेच. युग्लीनाही हिरवा, पण तो लहान, साधारण 0.05 मिलिमीटर, आणि पुढच्या टोकाला लालसर ठिपका. खरं शेवाळ ओळखायला धाग्याच्या आत बघा, स्पायरोगायरात हिरवी फीत स्प्रिंगसारखी वळलेली असते आणि ठराविक अंतरावर आडव्या भिंती असतात. कापसाचा धागा पण स्लाईडवर येतो, तो चपट्या रिबिनीसारखा मध्येमध्ये पिळलेला असतो, त्याला आडव्या भिंती नसतात.

हवेचा बुडबुडा सोडून द्या, जाड काळी कड, आत लख्ख रिकामं.

शेवटी भाचीला सांगितलं की खराखुरा अमिबा हवा तर वरचं पाणी नको, तळाची कुजलेली पानं आणि गाळ घे, स्लाईडवर थेंब थोडा मोठा ठेव आणि एकाच जागेचे अर्ध्या अर्ध्या मिनिटाने तीन फोटो काढ. अमिबा असेल तर तिन्ही फोटोंत कड वेगळी दिसते. चार दिवसांनी तीन फोटो आले, पहिल्यात दोन पाय, दुसऱ्यात तिसरा फुटायला लागलेला, तिसऱ्यात पहिला पाय आत गेलेला. या वेळी तिने खाली काही लिहिलंच नव्हतं, फक्त तिन्ही कडांवर लाल रेघ ओढून पाठवली होती.