शेंगेनचे ९० दिवस: दुसऱ्या फेरीचं तिकीट काढायच्या आधीची तयारी

मुलगी किंवा मुलगा जर्मनीत, आई-वडील सांगलीत, आणि एका वर्षात दोनदा जायचंय, अशी घरं आता आपल्याकडे बरीच झालीत. पहिल्या फेरीला सगळे नीट कागद करून जातात, गडबड होते ती दुसऱ्या फेरीला, कारण जर्मनीसकट युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून चालणाऱ्या शेंगेन व्हिसावर वर्षभराची तारीख दिसते आणि सगळ्यांना वाटतं की झालं, आता कधीही जा. तसं नाहीये. म्हणून तिकीट काढायच्या आधी काय काय काढून ठेवायचं आणि कसं मोजायचं ते सविस्तर लिहितोय, आमच्या विश्रामबागच्या मावशी-काकांचंच उदाहरण धरून.

सगळ्यात आधी पासपोर्ट काढा आणि व्हिसाचा स्टिकर उजेडात धरून वाचा. त्यावर तीन गोष्टी वेगवेगळ्या असतात आणि तिन्हीचा अर्थ वेगळा आहे. 'फ्रॉम' आणि 'अंटिल' या तारखा म्हणजे त्या काळात व्हिसा वापरता येईल एवढंच. 'नंबर ऑफ एन्ट्रीज'समोर 'मल्ट' असेल तर अनेकदा जाता येतं, ०१ असेल तर एकदाच, आणि मग दुसऱ्या फेरीसाठी नवा व्हिसाच लागतो. तिसरं म्हणजे 'ड्युरेशन ऑफ स्टे', तिथे ९० लिहिलेलं असेल तर कुठल्याही १८० दिवसांत जास्तीत जास्त ९० दिवस राहता येतं. तिथे ९० पेक्षा कमी आकडा असेल तर तोच आकडा खरा, पुढचा हिशोब त्याच्या वर जाऊ द्यायचा नाही. मावशींच्या स्टिकरवर एक वर्षाची मुदत, मल्ट आणि ९० असं होतं.

मग दोन तारखा पक्क्या करायच्या, पहिल्या फेरीत आत कधी शिरलो आणि बाहेर कधी पडलो. इथे मुंबईहून विमान सुटलं ती तारीख धरायची नाही आणि परत मुंबईत उतरलो तीपण नाही. शेंगेनच्या पहिल्या विमानतळावर पासपोर्ट तपासून आत सोडलं तो पहिला दिवस, आणि शेंगेनच्या शेवटच्या विमानतळावर पासपोर्ट तपासून बाहेर सोडलं तो शेवटचा दिवस. दोन्ही दिवस पूर्ण धरले जातात, रात्री अकराला पोचलात तरी तो अख्खा एक दिवस. झ्युरिकला विमान बदलून स्टुटगार्टला गेलात तर शिरण्याची नोंद झ्युरिकलाच होते, दुबईला बदललं तर स्टुटगार्टला. आणि परतीचं विमान मध्यरात्रीनंतरचं असलं तरी पासपोर्ट कंट्रोल आदल्या रात्रीच होऊ शकतं, मग नोंद आदल्या दिवसाची. म्हणून बोर्डिंग पासवरून अंदाज न करता शिक्का बघा. पण आता शिक्का मिळेलच असं नाही, १२ ऑक्टोबर २०२५ पासून ईईएस नावाची नवी यंत्रणा टप्प्याटप्प्याने सुरू झाली, त्यात बोटांचे ठसे आणि फोटो घेऊन येण्या-जाण्याची नोंद थेट कॉम्प्युटरमध्ये होते आणि शिक्के हळूहळू बंद होतात. त्यामुळे बोर्डिंग पास फेकू नका, दोन्ही बाजूंचे एका पाकिटात ठेवा आणि मोबाईलमध्ये फोटो काढून ठेवा.

मावशी-काका शेताची खरड छाटणी उरकून गेले होते (तासगावला द्राक्षबाग आहे), आत शिरले ५ एप्रिलला आणि बाहेर पडले ३ जूनला. एप्रिलचे २६, मेचे ३१, जूनचे ३, असे ६० दिवस. आता मुलीचं बाळंतपण सप्टेंबरच्या मध्याला, म्हणून १ सप्टेंबरला जायचं ठरलं. काकांना ऑक्टोबर छाटणीसाठी सप्टेंबरअखेर परत यायचंच होतं, मावशींना मात्र बाळ दोन-अडीच महिन्यांचं होईपर्यंत राहायचं होतं. घरात चर्चा अशी की सहा महिन्यांत तीन महिने, मागच्या वेळचे दोन वापरले, उरला एक, मग पुढचे सहा महिने सुरू झाले की परत तीन मिळतील. इथेच लोक फसतात. हे १८० दिवस जानेवारीपासून मोजत नाहीत, व्हिसा सुरू झाल्यापासूनही नाहीत. तुम्ही तिथे असाल तो प्रत्येक दिवस घ्यायचा, तो दिवस धरून मागे १८० दिवस जायचं, आणि त्या पट्ट्यात शेंगेनमध्ये किती दिवस होतो ते मोजायचं. उद्या तोच पट्टा एक दिवसाने पुढे सरकतो. २०१३ च्या ऑक्टोबरपासून नियम असाच आहे.

आता १ सप्टेंबरला शिरलात तर बघा काय होतं. ३० सप्टेंबरला मागे १८० दिवस गेलं की पट्टा ४ एप्रिलला सुरू होतो, म्हणजे पहिल्या फेरीचे ६० च्या ६० दिवस त्यात, आणि नवे ३०, बेरीज ९०. काकांचं काम झालं. मावशी मात्र १ ऑक्टोबरलाही तिथेच असतील, तेव्हा पट्टा ५ एप्रिलला सुरू होतो, म्हणजे जुने ६० अजून तसेच, नवे ३१, बेरीज ९१. ओव्हरस्टे. आणि एकदा ९१ झाले की पुढे थांबून ते कमी होत नाहीत, कारण रोज एक जुना दिवस मागून गळतो तसा एक नवा पुढून वाढतो.

तेच एक दिवस उशिरा, २ सप्टेंबरला शिरलं तर? १ ऑक्टोबरला जुने ६० आणि नवे ३०, बेरीज ९०. २ ऑक्टोबरला ५ एप्रिल पट्ट्यातून बाहेर गेला, जुने ५९, नवे ३१, परत ९०. ३ ऑक्टोबरला ५८ आणि ३२. असं रोज ९० वरच राहत थेट ३० नोव्हेंबरपर्यंत चालतं, तोपर्यंत जुने सगळे गळून गेलेले असतात आणि नवेच ९० झालेले असतात. म्हणजे १ सप्टेंबरला गेलं तर ३० दिवस आणि २ सप्टेंबरला गेलं तर ९० दिवस, एका दिवसाने दोन महिन्यांचा फरक पडतो! पहिल्यांदा ऐकलं की कुणालाच पटत नाही, म्हणून मी मावशींना भिंतीवरच्या कॅलेंडरवर पेन्सिलने खुणा करून दाखवलं. कारण सोपं आहे, ४ जून ते १ सप्टेंबर मोजा, जूनचे २७, जुलैचे ३१, ऑगस्टचे ३१ आणि सप्टेंबरचा १, हे बरोबर ९० दिवस बाहेर काढलेले. सलग ९० पूर्ण दिवस बाहेर राहिलात की मागची फेरी कितीही मोठी असो, ९० दिवस पुन्हा नव्याने मिळतात. ८९ बाहेर काढले तर ही सोय नाही, मग जुने दिवस वजा होतात. आणि हा खंड बाहेर पडल्याच्या दुसऱ्या दिवसापासून परत शिरण्याच्या आदल्या दिवसापर्यंतच मोजायचा. मावशी ३ ऐवजी ४ जूनला बाहेर पडल्या असत्या तर २ सप्टेंबरही चाललं नसतं, ३ सप्टेंबर लागलं असतं.

बाळंतपण लवकर आलं आणि १० ऑगस्टलाच जायची वेळ आली तर? जाता येतं, पण उरलेले ३० दिवसच, म्हणजे ८ सप्टेंबरपर्यंत बाहेर. आणि तेव्हा संपलेले दिवस परत मिळायला सुरुवात होते २ ऑक्टोबरपासून, रोज एकेक करून. म्हणून ज्यांना जास्त थांबायचंय आणि ज्यांना अचानक जावं लागेल त्यांनी एकत्र तिकीट काढलंच पाहिजे असं नाही, दोघांचा हिशोब पासपोर्टप्रमाणे वेगळा असतो, मावशी आणि काका वेगवेगळ्या तारखांना गेले तरी काही बिघडत नाही.

हाताने मोजायला भीती वाटत असेल तर घरातल्या पोरांकडून एक्सेल शीट करून घ्या. ए कॉलममध्ये शिरण्याची तारीख, बी मध्ये बाहेर पडण्याची, एका ओळीत एक फेरी, आणि डी१ मध्ये जो दिवस तपासायचाय तो. मग सी२ मध्ये हे टाकून तारखा भरलेल्या ओळींपर्यंतच खाली ओढायचं, रिकाम्या ओळीत चुकीचा आकडा येतो:

```
=MAX(0, MIN(B2,$D$1) - MAX(A2,$D$1-179) + 1)
```

सी कॉलमची बेरीज ९० किंवा त्याखाली पाहिजे. १८० नाही तर १७९ वजा करायचे, कारण तो दिवस स्वतःच एक धरलाय. आणि डी१ मध्ये रोजची तारीख टाकत बसायची गरज नाही, प्रत्येक फेरीचा परतीचा दिवस टाकला की पुरतं, कारण तुम्ही आत असताना बेरीज वाढते किंवा तेवढीच राहते, कमी कधीच होत नाही. तीन फेऱ्या असतील तर तिन्हीचे परतीचे दिवस वेगवेगळे तपासा. युरोपियन कमिशनच्या साइटवर फुकट कॅल्क्युलेटर आहे, त्यातही एकदा पडताळून घ्या, फक्त तिथे तारीख टाकताना दिवस आधी, मग महिना, मग वर्ष.

'तीन महिने' म्हणून तिकीट काढू नका, हे एजंटलासुद्धा ठासून सांगा. २ सप्टेंबर ते २ डिसेंबर म्हणजे तोंडाने तीन महिने, पण मोजले तर ९२ दिवस. आणि ३० नोव्हेंबर शेवटचा असला म्हणून ३० चंच तिकीट काढू नये, विमान रद्द झालं तर पाय अडकतो. मावशींना मी २५ चं काढायला लावलं.

मधे कुठे फिरायला जाणार असाल तर देश तपासा. शेंगेनमध्ये २९ देश आहेत आणि सगळ्यांचे दिवस एकाच खात्यात जातात. स्टुटगार्टहून रेल्वेने पॅरिसला गेलात, शिक्का लागला नाही, तरी मोजणी चालूच असते. आधी काही लोक क्रोएशियाला जाऊन दिवस वाचवायचे, ते १ जानेवारी २०२३ पासून बंद झालं, आणि रुमानिया-बल्गेरिया १ जानेवारी २०२५ पासून पूर्ण आत आले. ब्रिटन, आयर्लंड आणि सायप्रस बाहेर आहेत, तिथे काढलेले दिवस धरत नाहीत, पण ब्रिटन आणि आयर्लंडला वेगळा व्हिसा लागतो आणि परत शिरायला तुमचा व्हिसा मल्ट हवा.

तिथे असताना आजारपण आलं, हॉस्पिटलात ठेवलं आणि प्रवास जमत नाही असं झालं, तर गप्प बसून दिवस उलटू देऊ नका. दिवस संपायच्या आधीच मुलीला तिथल्या परदेशी नागरिकांच्या कार्यालयात डॉक्टरांचं पत्र घेऊन मुदतवाढीचा अर्ज करायला सांगा, अशा खऱ्या अडचणीत वाढ देण्याची तरतूद व्हिसाच्या नियमांत आहे. अर्ज न करता ओव्हरस्टे झाला तर दंड होऊ शकतो, काही काळ बंदी येऊ शकते, आणि पुढच्या व्हिसाच्या वेळी तो रेकॉर्ड समोर येतो.

शेवटी इन्शुरन्स. पहिल्या फेरीचा संपलेला असतो आणि मल्ट व्हिसा असल्यामुळे दुसऱ्या वेळी कुणी फाइल तपासत नाही, म्हणून तो बरेच जण विसरतात. किमान ३०,००० युरोचं कव्हर, सगळ्या शेंगेन देशांसाठी, आणि तारखा २ सप्टेंबरपासून परतीच्या दिवसाच्या चार दिवस पुढेपर्यंत. त्या पॉलिसीची प्रिंट, परतीचं तिकीट, मुलीच्या घराचा पत्ता आणि तुमच्या ९० दिवसांच्या हिशोबाचा कागद हे सगळं हातातल्या पिशवीत ठेवा, चेक-इनच्या बॅगेत नको, काउंटरवरच्या माणसाने विचारलं की लगेच पुढे करता येतं.