जुनं तैलचित्र पिवळं, काळं का पडतं? थर ओळखायची रीत

भिंतीवरचं जुनं तैलचित्र काळवंडलं की घरात दोन पक्ष पडतात. एक म्हणतो, जुनं आहे, चालायचंच. दुसरा ओला फडका आणायला उठतो. आमच्याकडे दुसऱ्या पक्षाची एकदा सरशी झाली होती. देवघराच्या दारावर पणजोबांचं शंभरएक वर्षांपूर्वीचं चित्र आहे, दोन फूट रुंद, अडीच फूट उंच. ते कोणीतरी बटाट्याची फोड चोळून ‘साफ’ केलं. कोटाच्या खांद्यावर पांढुरका डाग पडला आणि रंगाचे दोन पोपडे बटाट्याबरोबरच निघून आले.

चूक बटाट्याची कमी, घाईची जास्त. काळेपणा चित्राच्या कुठल्या थरात आहे, ते कोणी पाहिलंच नव्हतं. तैलचित्र म्हणजे एकावर एक बसलेले थर. तळाला कॅनव्हास, त्यावर प्राण्यांच्या कातड्याहाडांपासून केलेल्या सरसाचा हात, मग अस्तराचा पांढरा किंवा तपकिरी लेप, त्यावर तेलात घोटलेले रंग आणि सगळ्यात वर वॉर्निश. प्रत्येक थराचं म्हातारपण वेगळं असतं. ते ओळखायला लागतात एक टॉर्च, एक भिंग आणि शांतपणे घालवलेला तासभर.

पहिली पायरी: टॉर्च आडवा धरा

चित्र भिंतीवरच राहू द्या. खोलीत अंधार करा आणि टॉर्च चित्राच्या बाजूला, जवळजवळ भिंतीला टेकवून धरा. समोरून सपाट दिसणारा पृष्ठभाग आडव्या उजेडात डोंगरदऱ्यांसारखा उठून दिसतो. कुठे रंगाच्या कडा उचलल्या गेल्यात का, पापडासारखे पोपडे सुटलेत का, ते बघा. तसं दिसलं तर पुढचं काही करू नका. चित्र उतरवूसुद्धा नका, आधी जाणकाराला बोलवा. पोपडे नसतील तरच पुढे.

दुसरी पायरी: चौकटीखालची पट्टी बघा

चौकटीची कड चित्राचा बोटभर भाग झाकून ठेवते. दोघांनी मिळून चित्र उतरवा, स्वच्छ मऊ चादरीवर पालथं ठेवा, चौकट सोडवा आणि ती झाकलेली पट्टी उरलेल्या चित्राशी ताडून बघा.

आमच्या पणजोबांचा कोट हिरवट काळा, असंच आम्ही लहानपणापासून धरून चाललो होतो. पट्टीवर तो निघाला गडद निळा. कारण साधं होतं. वॉर्निश लावणाऱ्याने चौकट न काढताच ब्रश फिरवला होता, त्यामुळे पट्टीवर वॉर्निश पोचलंच नव्हतं. बाकी चित्रावर मात्र पिवळ्या काचेसारखा थर बसला होता, आणि पिवळ्या काचेतून निळं हिरवंच दिसणार.

जुनं वॉर्निश म्हणजे झाडाची राळ, टर्पेंटाइनमध्ये विरघळवलेली. टर्पेंटाइन उडून जातं आणि राळेचा पातळ चकचकीत थर राहतो. ताजा असतो तेव्हा तो पाण्यासारखा नितळ असतो आणि त्याने रंग खुलतात. पण उजेड आणि हवा लागून राळेचे रेणू बदलत जातात. काही दशकांत ती पिवळी, मग मधासारखी, शेवटी चहासारखी होते. पांढरं पिवळं दिसतं, जांभळं मातकट होतं आणि सावल्यांमधला थंडपणा जातो. त्यात समईची काजळी आणि उदबत्तीचा धूर वर चिकटतो, म्हणजे काळेपणाला जोडीदार मिळतो.

वॉर्निश केवढी दिशाभूल करू शकतं, याचं ठळक उदाहरण ॲमस्टरडॅमला आहे. रेम्ब्रांने १६४२ साली शहररक्षक दलाच्या एका तुकडीचं भलंमोठं चित्र पूर्ण केलं. प्रसंग दिवसाचा आहे, कप्तानाच्या हाताची सावली शेजारच्या अधिकाऱ्याच्या पिवळ्या अंगरख्यावर स्पष्ट पडलेली आहे. पण वॉर्निश आणि काजळीने चित्र इतकं काळवंडलं, की अठराव्या शतकाच्या अखेरीपासून लोक त्याला ‘रात्रीची गस्त’ म्हणू लागले. दुसऱ्या महायुद्धानंतर जुनं वॉर्निश उतरवल्यावर उजेड परत आला. नाव मात्र तेच राहिलं.

तिसरी पायरी: वॉर्निशचं पिवळं आणि तेलाचं पिवळं वेगळं करा

आमच्या पट्टीवर कोट निळा निघाला, पण तिथलंच पांढरं उपरणं किंचित पिवळं होतं. वॉर्निश नसताना! हा पिवळेपणा तेलाचा.

रंगाची भुकटी कॅनव्हासला धरून ठेवायचं काम करतं जवसाचं तेल. त्याचंच उकळलेलं रूप रंगारी आणि सुतार बेलतेल म्हणून वापरतात. हे तेल वाळतं म्हणजे उडून जात नाही. ते हवेतला ऑक्सिजन ओढून घेतं, त्याचे रेणू एकमेकांत अडकतात आणि घट्ट कातडी तयार होते. सुरुवातीला तर वजन वाढतंच. बेलतेलाच्या बाटलीच्या तोंडाशी जमलेलं पिवळं, चिवट कडं आठवा. तैलचित्रात रंगाला धरून बसलेली वस्तू तीच. शेंगदाण्याच्या तेलात रंग घोटला तर वर्षानुवर्षं चिकटच राहील. ज्या घटकामुळे जवसाचं तेल चांगलं वाळतं, त्याच घटकामुळे ते पिवळं पडतं. म्हणून काही चित्रकार पांढऱ्या-निळ्या रंगांसाठी अक्रोडाचं किंवा खसखशीचं तेल घेत. ते कमी पिवळं पडतं, पण त्याचा थर तेवढा मजबूत होत नाही.

गंमत अशी, की तेल अंधारात जास्त पिवळं पडतं आणि उजेडात काही अंशी निवळतं. फ्लेमिश चित्रकार रूबेन्सला हे नेमकं ठाऊक होतं. १६३८ साली फ्लॉरेन्सच्या एका चित्रकाराला लिहिलेल्या पत्रात त्याने काळजी व्यक्त केली, की नवं चित्र बराच काळ खोक्यात बंद राहिल्याने त्यातले पांढरे आणि अंगवर्णाचे रंग पिवळसर होतील. उपायही सांगितला: चित्र अधूनमधून उन्हात ठेवा. आपण तो करू नये. ते चित्र ताजं होतं. शंभर वर्षांच्या ठिसूळ थराला ऊन म्हणजे नव्या भेगा.

घरातली खूण अशी धरा: चौकटीने न झाकलेल्या भागात सगळेच रंग एकसारखे पिवळ्याकडे झुकले असतील, निळाही हिरवट झाला असेल, तर दोष मुख्यतः वॉर्निशचा. झाकलेल्या पट्टीत फक्त पांढरं पिवळं असेल तर तो तेलाचा. ३६५ नॅनोमीटरचा अतिनील टॉर्च मिळाला तर आणखी सोपं (डोळ्यांवर योग्य चष्मा हवा). अंधारात जुनी राळ हिरवट धुक्यासारखी चमकते आणि नंतर कोणी वॉर्निशवर डागडुजी केली असेल, तर ते ठिगळ काळं-जांभळं दिसतं.

चौथी पायरी: खरोखर रंगच काळा पडलाय का?

कधीकधी वॉर्निश उतरवूनही चित्र अंधारंच राहतं. भज्यांखालचा कागद बघा, तेल मुरलं की आरपार दिसायला लागतो. रंगाच्या थराचंही हळूहळू तसंच होतं. तेल म्हातारं होताना उजेड परतवायची थराची ताकद घटते, विशेषतः शिशाचा सफेदा पातळ लावला असेल तिथे. खालचं अस्तर पांढरं असेल तर फारसं बिघडत नाही. पण सतराव्या शतकात अनेक जण तपकिरी अस्तरावर रंगवत. ते तपकिरी वर डोकावू लागतं आणि सावल्या खोल गर्तेसारख्या होतात. चित्रकाराने बदललेला हात किंवा टोपीची जुनी कडही अशीच भुतासारखी वर येते. यावर साफसफाईचा उपाय नाही.

पाचवी पायरी: भेगा वाचा

भिंग घ्या. भेगांच्या दोन मुख्य जाती आहेत आणि त्या दोन वेगळ्या वयांत पडतात.

पहिली, रंग वाळतानाच पडणारी. ही रुंद असते, हिच्या कडा गोलसर आणि आत खालचा रंग दिसतो. आटलेल्या तळ्याच्या चिखलासारखी. खालचा थर तेलकट, सावकाश वाळणारा आणि वरचा पटकन वाळणारा असला, की वरची कातडी आधी ताठ होते आणि खालचा थर सरकला की फाटते. म्हणून चित्रशाळेत शिकवतात, आधी कमी तेलाचा थर, त्यावर जास्त तेलाचा. आमच्या चित्रात अशा भेगा फक्त कोटात आहेत, कारण गडद निळ्यात मिसळलेला काळा रंग भरपूर तेल पितो आणि फार हळू वाळतो. डांबरी तपकिरी रंगाने तर कहर केला. तो नीट वाळतच नाही. झेरिकोने १८१८-१९ मध्ये रंगवलेलं, लूव्र संग्रहालयातलं मेदूसा जहाजाच्या तराफ्याचं चित्र त्यामुळेच कायमचं काळवंडलं आहे.

दुसरी जात म्हातारपणाची. बारीक, धारदार, अस्तरापर्यंत गेलेली. सरस दमट हवेत फुगतो आणि कोरड्या हवेत आखडतो. तरुण रंग त्याच्याबरोबर ताणला जातो, ठिसूळ झालेला तडकतो. कोपऱ्यातल्या तिरप्या भेगा कॅनव्हासच्या ताणाने पडतात. कोळ्याच्या जाळ्यासारख्या गोल भेगा दिसल्या तर मागून कधीतरी ठोसा लागलाय. पणजोबांच्या कपाळावर अगदी असं एक जाळं आहे, आणि चित्राच्या मागे त्याच जागी शिडी टेकल्याचा वण.

सहावी पायरी: आपण काय करायचं

फार थोडं. आपल्या पावसाळ्यात ओल झिरपणाऱ्या भिंतीवर चित्र लावू नका. लावायचंच तर मागे बुचाचे तुकडे ठेवून हवा खेळू द्या. दमट हवेत सरस मऊ पडतो, बुरशी येते आणि पोपडे सुटतात. समई आणि उदबत्तीपासून दूर, थेट उन्हाबाहेर जागा शोधा. ताज्या फुलांचा हार चित्राला टेकवू नका. रंग घट्ट असेल तर मऊ कोरड्या ब्रशने धूळ झटका. पाणी, बटाटा, पाव, कांदा, स्पिरिट यातलं काही नाही. चमक यावी म्हणून तेलाचा हात तर मुळीच नाही. ते तेल भेगांत शिरून वाळतं, पिवळं पडतं आणि मग मूळ रंगाला धक्का न लावता काढणं जवळजवळ अशक्य.

आमचं चित्र शेवटी संवर्धकाकडे गेलं. तिने कोपऱ्यात नखाएवढी जागा निवडली. पहिला कापूस थुंकीने ओला केला होता (हो, थुंकीनेच, त्यातली विकरं काजळी सोडवतात), तो काळा झाला. दुसऱ्यावर द्रावण होतं, तो चहासारखा पिवळा झाला. तिसऱ्यावर निळ्याची पुसट छटा दिसताच ती थांबली, म्हणाली, “इथे रंग निघतोय, कोटावर वॉर्निश पूर्ण उतरवायचं नाही, फक्त पातळ करायचं.” म्हणून पणजोबांचं उपरणं आता पांढऱ्याच्या बरंच जवळ आलंय आणि कोट निळा दिसतो, पण सकाळच्या उजेडातच. संध्याकाळी तो पुन्हा हिरवा होतो आणि आईला तोच ओळखीचा वाटतो.