झेड८० च्या डेटा बसवर OUT चुकत होतं, IN बरोबर: माझा अनुभव

झेड८० प्रोसेसरच्या एकाच I/O पत्त्यावर ७४एचसी२४४ इनपुट बफर आणि ७४एचसी३७४ आउटपुट लॅच. IN ने वाचणं बरोबर, पण OUT ने लिहिल्यावर लॅचमध्ये भलताच आकडा, आणि बफर गरम. क्लॉक कमी केला, चिप बदलली, कपॅसिटर वाढवले. काही फरक नाही. वैताग आला.

स्कोपवर OUT च्या वेळी काही बिट्स ०ही नाहीत, ५ही नाहीत, मधेच अडकलेले. त्या लाइनला १ किलोओहमने आधी ५ व्होल्ट, मग ग्राउंड जोडला. मोकळी लाइन लगेच तिकडे गेली असती. ही जेमतेम हलली. म्हणजे प्रोसेसर आणि बफर दोघं एकदम बस ओढत होते.

बफरचे दोन्ही इनेबल फक्त पत्त्याच्या सिलेक्टवर होते, त्यामुळे OUT लाही तो चालू व्हायचा. वीज बंद करून ती तार काढली. सिलेक्ट आणि प्रोसेसरचा वाचण्याचा सिग्नल RD, दोन्ही अ‍ॅक्टिव्ह-लो, ७४एचसी३२ च्या एका ऑर गेटला दिले. दोन्ही लो असतील तेव्हाच त्याचं आउटपुट लो होतं; ते दोन्ही अ‍ॅक्टिव्ह-लो इनेबलना जोडलं. आता बफर फक्त वाचतानाच बसवर येतो.