चौकशीची नोंद लिहिताय? या चुका टाळा

खातेनिहाय चौकशीत कामकाजाची नोंद घ्यायला बहुधा एचआरमधल्या सर्वांत नव्या माणसाला बसवतात. ‘मुद्दे टिपून घे रे,’ एवढीच सूचना असते, आणि बिघाड तिथूनच सुरू होतो. मीटिंगचे मुद्दे वाचणारे लोक मीटिंगला बसलेले असतात. ही नोंद मात्र काही वर्षांनी वांद्र्याच्या कामगार न्यायालयात वाचली जाते आणि वाचणाऱ्याने त्या खोलीतलं काहीच पाहिलेलं नसतं. औद्योगिक विवाद कायद्यात 1971 साली 11-अ हे कलम आलं. त्यामुळे बडतर्फी योग्य होती का हे न्यायालयाला पुराव्यासकट पुन्हा तपासता येतं, शिक्षाही कमी करता येते. पण हे करताना आधार घ्यायचा तो रेकॉर्डवर असलेल्या पुराव्याचाच. त्या कायद्याची जागा घेणाऱ्या 2020 च्या औद्योगिक संबंध संहितेतही अशीच तरतूद आहे. म्हणजे जे लिहिलं नाही ते घडलंच नाही, असं धरून चालावं.

एक कल्पित प्रकरण घेऊ. अंधेरी एमआयडीसीतल्या कारखान्यात स्टोअरच्या कामगारावर आरोप आहे की, रात्रपाळी संपताना त्याने गेटपासशिवाय तांब्याच्या तारेचं बंडल पिशवीतून बाहेर नेलं. व्यवस्थापनाचा पहिला साक्षीदार गेटवरचा वॉचमन. नोंदीत असं लिहिलेलं सापडतं: ‘साक्षीदाराने आरोपाला पुष्टी देणारी स्पष्ट साक्ष दिली. उलटतपासणीत विशेष काही निष्पन्न झाले नाही.’

लिहिणाऱ्याला वाटतं, काम चोख झालं. प्रत्यक्षात त्याने चौकशी अधिकाऱ्याचं काम स्वतःकडे घेतलंय. काय निष्पन्न झालं हे ठरवायची जागा निष्कर्षांच्या अहवालात असते, रोजच्या नोंदीत नाही. त्या दिवशीची उलटतपासणी शब्दशः उतरवली असती, तर कागदावर हे आलं असतं:

‘प्रश्न: पिशवी तुम्ही स्वतः उघडलीत का?
उत्तर: नाही. सुपरवायझरने उघडली. मी चार-पाच फुटांवर होतो.
प्रश्न: गेटवरचा दिवा चालू होता का?
उत्तर: त्या रात्री बंद होता. ऑफिसच्या खिडकीतून उजेड येत होता.
प्रश्न: गेट रजिस्टरमधली ही नोंद कोणाच्या अक्षरात आहे?
उत्तर: माझ्या नाही. सकाळच्या वॉचमनने केली.’

या तीन उत्तरांनी पुढची चौकशी ठरते. सुपरवायझरची साक्ष घ्यावीच लागणार, आणि रजिस्टर शाबीत करायला सकाळचा वॉचमन लागणार. गोषवारा लिहिला की ही तिन्ही उत्तरं गडप होतात, व्यवस्थापन पुढचे साक्षीदार बोलावत नाही आणि पुढे वकील नेमकं त्याच भोकावर बोट ठेवतो. सरतपासणी, म्हणजे साक्षीदाराला त्याच्याच बाजूने विचारलेले प्रश्न, सलग निवेदनासारखी लिहिली तरी चालते; उलटतपासणी मात्र प्रश्न आणि उत्तर वेगवेगळं लिहूनच घ्यावी. चौकशी अधिकाऱ्याने मध्येच प्रश्न विचारला, तर तो त्याच्याच नावाने लिहायचा. तो व्यवस्थापनाच्या प्रतिनिधीच्या तोंडी घालणं म्हणजे पक्षपात झाकायचा प्रयत्न. शिवाय प्रश्न खरा कोणी विचारला होता ते साक्षीदार पुढे सहसा सांगून टाकतो.

सुरातली चूक याहून फसवी असते, कारण ती लिहिणाऱ्याला भारदस्त वाटते. ‘कामगाराने उडवाउडवीची उत्तरे दिली’, ‘उद्धटपणे वागला’, ‘गोंधळून गेला’ हे सगळे निकाल आहेत. उडवाउडवी म्हणजे काय झालं? ‘या प्रश्नाला कामगाराने उत्तर दिले नाही. प्रश्न पुन्हा विचारला असता “मला आठवत नाही” असे सांगितले.’ एवढं लिहा, वाचणारा काय समजायचं ते समजेल. निकालाआधी त्याला ‘दोषी’ किंवा ‘आरोपी’ म्हणू नका, ‘आरोपित कामगार’ पुरे. याच्या उलट चूक सभ्यतेपोटी होते. आरोप शिवीगाळीचा असेल, तर ‘अर्वाच्य भाषा वापरली’ एवढ्याने भागत नाही. साक्षीदाराने सांगितलेले शब्द, हिंदीत असतील तर हिंदीत, जसेच्या तसे लिहावे लागतात. टायपिस्टला लाज वाटते हे खरं, पण शब्दच नसतील तर ते किती गंभीर होते हे कोण कसं ठरवणार?

नाकारलेल्या मागण्या तर हमखास गळतात. कामगार म्हणतो, मला वकील हवा. अधिकारी म्हणतो, नाही. आणि कामकाज पुढे सरकतं. सर्वोच्च न्यायालयाने मुंबईच्याच पोर्ट ट्रस्टच्या एका प्रकरणात म्हटलं आहे की, व्यवस्थापनाची बाजू कायदा शिकलेला माणूस मांडत असताना कर्मचाऱ्याला वकील नाकारणं नैसर्गिक न्यायात बसत नाही. तेव्हा नोंदीत चार गोष्टी हव्यात: मागणी काय होती, व्यवस्थापनाने काय म्हटलं, निर्णय काय दिला आणि का दिला. कागदपत्रांची मागणी, तारीख पुढे ढकलण्याची विनंती, विशिष्ट साक्षीदार बोलावण्याचा अर्ज, सगळ्यांना हेच लागू. नकार योग्यही असेल, पण त्याचं कारण लिहिलेलं नसेल तर तो मनमानी दिसतो.

एकतर्फी कामकाजाचंही तसंच. जुलैतला दिवस आहे, पश्चिम रेल्वे ठप्प आहे आणि नोंद म्हणते, ‘कामगार गैरहजर, सबब एकतर्फी चौकशी सुरू.’ याने सगळी चौकशी धोक्यात येते. तारखेची सूचना कशी दिली होती आणि ती मिळाल्याचा पुरावा काय, किती वाजेपर्यंत वाट पाहिली, फोन केला का, त्याचा काही निरोप आला होता का, हे सगळं लिहा. खरं तर अशा दिवशी पुढची तारीख द्यावी. एकतर्फी साक्ष झालीच, तर तिची प्रत कामगाराला पाठवा आणि पुढच्या बैठकीत त्याला भाग घेऊ द्या. प्रत पाठवली हेही नोंदीत यायला हवं.

तक्रार निवारणाच्या सुनावणीत आरोपपत्र नसतं, त्यामुळे नोंद आटोपशीर चालते. मात्र तक्रारदाराला नेमकं काय हवंय (पाळी बदल, थकलेला ओव्हरटाइम, बदली रद्द) ते त्याच्या शब्दांत हवं. ‘तक्रार ऐकून घेतली, योग्य ती कार्यवाही करण्याचे ठरले’ हे वाक्य तर कुठल्याच नोंदीत नसावं. कोण, काय, कोणत्या तारखेपर्यंत करणार ते लिहा.

आता सह्या. मुंबईत चौकशी बरेचदा इंग्रजीत टाइप होते आणि कामगार मराठी किंवा हिंदी बोलतो. दिवसाच्या शेवटी नोंद त्याला समजणाऱ्या भाषेत वाचून दाखवा, कोणी कोणत्या भाषेत समजावलं ते लिहा, आणि मग प्रत्येक पानावर हजर असलेल्या सर्वांच्या सह्या घ्या. प्रत त्याच दिवशी द्यायची आणि पोच घ्यायची. सही करायला नकार दिला तर ‘सही करण्यास नकार दिला, कारण विचारले असता “माझे म्हणणे पूर्ण लिहिलेले नाही” असे सांगितले’ असं लिहून हजर असलेल्यांच्या सह्या घ्याव्यात. मग लगेच विचारा, काय राहिलं? तो सांगेल ते खाली त्याच्या नावाने जोडा. आधीचं उत्तर मात्र खोडून नवं लिहू नका. साक्षीदाराचं उत्तर चुकीचं उतरलंय अशी कामगाराची हरकत असेल, तर मूळ ओळ तशीच ठेवून हरकत, आणि त्यावर साक्षीदार काय म्हणाला ते, असं दोन्ही लिहा. टायपिंगची चूक एका रेघेने काटून बाजूला दोन्ही पक्षांच्या छोट्या सह्या घ्याव्यात. व्हाइटनर नको, आणि ‘स्वच्छ प्रत काढतो’ म्हणून दुसऱ्या दिवशी पान बदलणं तर अजिबात नको. कामगाराकडे आदल्या दिवशीची प्रत असते.