मसाल्याच्या नव्या कारखान्याची प्रेसनोट: या चुका टाळा

पुण्यातल्या वर्तमानपत्रांकडे येणाऱ्या उद्घाटनाच्या प्रेसनोट बहुतेक एकाच साच्यातल्या असतात. 'नुकतेच कुरकुंभ एमआयडीसी येथे अमुक मसाले कंपनीच्या अत्याधुनिक प्रकल्पाचे उद्घाटन मान्यवरांच्या हस्ते दिमाखात संपन्न झाले.' त्यानंतर व्यासपीठावरची नावं. कारखान्यात काय होणार हे तिसऱ्या परिच्छेदात येतं आणि तिथवर उपसंपादकाची कात्री चालून गेलेली असते. जागा कमी पडली की बातमी खालून कापली जाते, म्हणून कुठे, कधीपासून, काय आणि किती हे पहिल्या दोन वाक्यांतच यायला हवं. 'नुकतेच'च्या जागी तारीख लिहा. पाहुण्यांची नावं शेवटी दिली तरी चालतं.

सगळ्यात महागात पडणारी चूक मात्र क्षमतेच्या आकड्यात होते. मालक कौतुकानं सांगतात, 'रोज २४ टन', आणि लिहिणारा तो आकडा तसाच उतरवतो. समजा, दळणाच्या दोन लाइन आहेत आणि प्रत्येकीतून तासाला ५०० किलो पूड निघते. दोन्ही मिळून तासाला एक टन, म्हणून चोवीस तासांत २४ टन. कागदावर हे बरोबर आहे, पण कारखाना सध्या आठ तासांची एकच पाळी चालवणार आहे. हळदीनंतर धणे किंवा जिरे घ्यायचे तर पल्व्हरायझर, चाळणी आणि पाइप झाडून पुसून घ्यावे लागतात, नाहीतर पुढच्या मालाला पिवळी झाक येते. त्यात दीड तास गेला की दळण साडेसहा तासांचं, म्हणजे साडेसहा टन.

एवढ्यावरही थांबू नका, पॅकिंगला विचारा. पाउच भरणारी चार मशिन आहेत आणि प्रत्येक मशिन मिनिटाला ४० पाउच काढतं असं धरू. १०० ग्रॅमच्या पाउचमध्ये तासाला ९६० किलो माल जातो, म्हणजे दळणाशी मेळ बसतो. पण ग्रामीण बाजारासाठी ५० ग्रॅमचे पाउच भरायचे ठरले, तर तोच वेग तासाला ४८० किलोवर येतो आणि साडेसहा तासांत जेमतेम तीन टन माल बाहेर पडतो. त्यामुळे प्रेसनोटमध्ये असं लिहावं: 'सध्या एका पाळीत दररोज साडेसहा टनांपर्यंत मसाले दळण्याची क्षमता, पाळ्या वाढवून ती टप्प्याटप्प्याने वाढवणार.' छापण्याआधी हा आकडा एफएसएसएआयच्या परवान्याच्या अर्जात दिलेल्या क्षमतेशी ताडून पाहा. दोन कागदांवर दोन आकडे असले की कधीतरी कुणीतरी विचारणारच.

परवान्यावरून आणखी एक गोष्ट. प्रत्येक उत्पादन-जागेला स्वतंत्र परवाना लागतो. जुन्या कारखान्याचा १४ अंकी क्रमांक नव्या जागेला चालत नाही. उद्घाटन दसऱ्याच्या मुहूर्तावर झालं, पण परवाना अजून हातात नसेल, तर 'उत्पादन सुरू झाले' हे वाक्य कंपनीच्याच विरोधात जाईल. तेव्हा 'यंत्रसामग्रीचे पूजन झाले, परवान्यानंतर उत्पादन सुरू होईल' इतकंच लिहावं. त्यात कमीपणा काही नाही.

विशेषणांचंही भान ठेवा. 'शंभर टक्के शुद्ध', 'भेसळमुक्त', 'रोगप्रतिकारशक्ती वाढवणारे' हे शब्द सवयीनं लिहिले जातात. अन्नसुरक्षा कायद्यात जाहिरातीची व्याख्या फार रुंद आहे, छापील माध्यम आणि परिपत्रकंही तिच्यात येतात. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला १० लाख रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. 'बातमी आहे, जाहिरात नाही' या भरवशावर राहू नये. 'अत्याधुनिक' या शब्दाला दंड होणार नाही, पण त्यातून वाचकाला काहीच कळत नाही. त्याऐवजी यंत्र काय करतं ते सांगा: दळताना पूड तापते आणि मसाल्यातलं सुगंधी तेल उडून जातं, या पल्व्हरायझरच्या भोवती थंड पाणी खेळतं, त्यामुळे पूड कमी तापते आणि वास टिकतो. एवढं एक वाक्य बातमीदार तसंच उचलतो. बेडगी मिरची कुठून येते, सांगलीची हळद वापरता का, हेही लिहा, पण खरोखर वापरत असाल तरच.

रोजगाराचा आकडा देताना कायम कामगार आणि कंत्राटी कामगार वेगळे लिहा.

राहिला पाठवण्याचा भाग. मजकूर युनिकोडमध्ये टाइप करून वर्ड फाइलमध्ये पाठवा. जुन्या फॉन्टमधला मजकूर दुसऱ्या संगणकावर उघडला की जोडाक्षरांचा चुराडा होतो आणि वैतागलेला उपसंपादक बातमी बाजूला ठेवतो. फोटो मजकुरात न चिकटवता वेगळ्या जेपीजी फाइलमध्ये द्या, सोबत 'डावीकडून' अशा क्रमानं नावं. फीत कापतानाच्या फोटोबरोबर दळणाच्या लाइनवर काम करणाऱ्या बायकांचा एक फोटोही असू द्या, टोपी आणि मास्क लावलेला. शेवटी संपर्क म्हणून कार्यालयातल्या स्वागतकक्षाचा नंबर देऊ नका. जो माणूस संध्याकाळी सातनंतरही फोन उचलेल आणि ते साडेसहा टन कसे आले हे सांगू शकेल, त्याचा द्या.